चौकशीची खिडकी बंद

रिक्षा गल्लीच्या तोंडाशी वळली की आमचे हे फाटकात हजर. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, हात मागं बांधलेले. यांची सगळी नोकरी एसटीत झाली, त्यातही शेवटची वर्षं विट्याच्या स्टँडवर चौकशीच्या खिडकीत. रिटायर होऊन घरी आले, पण खिडकी काही यांच्यातून उठली नाही.

"काय शरूबाई, शाळा कशी होती?"

"छान."

"काय शिकवलं आज?"

"काही नाही."

"काही नाही कसं? दिवसभर शाळेत काय माशा मारता? डबा संपला? गृहपाठ काय दिलाय? बाईंनी कुणाला उभं केलं का? तुला नाही ना केलं?"

"नाही."

आमची नात पाठीवर दप्तर, गळ्यात पाण्याची बाटली अडकवून फाटकातच उभी. दुसरीतली एवढीशी पोर, एका पायावरून दुसऱ्या पायावर डुलत होती. मला वाटायचं, खेळकर आहे, स्वस्थ उभी राहवत नाही तिला. आणि हे एकटे विचारत होते का? समोरच्या शिवणकामवाल्या नलूताई ओट्यावरून ओरडायच्या, "शरू, शाळा कशी झाली गं?" कोपऱ्यावरचा किराणावाला विचारायचा. रस्त्यानं जाणारा येणारा विचारायचा. पोरीनं सगळ्यांसाठी एकच उत्तर करून ठेवलं होतं. छान.

"अहो, तिला आत तर येऊ द्या," मी ओट्यावरून म्हटलं.

"थांब गं, बोलतोय ना मी तिच्याशी."

बोलतायत म्हणे! शेवटी ती त्यांच्या हाताखालून निसटली आणि दप्तर ओट्यावर टाकून तडक मोरीकडं पळाली. मी बाटली उचलली. सकाळी भरून दिली होती तशीच जड लागली.

त्या वर्षी शरू आमच्याकडं होती. माझी सून अमृता पुण्यात, दुसऱ्या वेळची गरोदर, आणि डॉक्टरांनी तिला बाळंत होईपर्यंत अंथरुणावरून हलायचं नाही असं बजावलेलं. मुलगा संग्राम नोकरी सांभाळील, का बायकोला, का पोरीला? म्हणून जूनमध्ये शरूला इथं आणून आमच्या इथल्या शाळेत घातली. पोरगी रडली नाही, हट्ट केला नाही. सगळे म्हणाले, किती शहाणी आहे. मीही म्हणाले.

पुढं श्रावणात तिला पुन्हा थंडी वाजून ताप भरला. पोटात दुखतं म्हणून गडबडा लोळली. डॉक्टर मुल्लाबाईंकडं नेलं, तपासणी झाली. बाईंनी आधी शरूला बाहेर बाकावर बसवलं आणि आमच्याकडं वळल्या.

"महिन्यात दुसऱ्यांदा झालंय हे. लघवीच्या जागी जंतुसंसर्ग. पोरगी दिवसभर पाणी पीत नाही आणि लघवी दाबून धरते. औषध देते, पण शाळेत जे चाललंय ते औषधानं थांबणार नाही. परत झालं तर सांगलीला ॲडमिट करावं लागेल. लहान वयात मूत्रपिंडापर्यंत गेलं तर अवघड आहे."

फाटकातलं ते डुलणं डोळ्यापुढं आलं.

"शाळेत लघवीला का जात नाही ते शोधून काढा," बाई म्हणाल्या.

"विचारतो ना!" हे ताठ झाले. "विचारायचं काम माझ्याकडं लागलं."

बाईंनी यांच्याकडं एकवार नीट बघितलं. "काका, पोलिसांसारखं विचारू नका हं. सरळ विचारलं तर पोरं सांगत नाहीत. आणि बऱ्याचदा त्यांना स्वतःलाच कळत नसतं काय सांगायचं ते."

यांनी मान हलवली, म्हणजे ऐकलं नाही. घरी आल्या आल्या पोरीला खुर्चीत बसवलं, स्वतः समोर बसले.

"शाळेत बाथरूम आहे ना?"

"आहे."

"स्वच्छ आहे?"

"आहे."

"पाणी असतं?"

"असतं."

"बाई जाऊ देतात?"

"देतात."

"मग अडतंय कुठं?"

"कुठंच नाही."

"तू जातेस का मग?"

"जाते."

यांनी माझ्याकडं विजयी चेहऱ्यानं पाहिलं. "काही नाही. आळस आहे नुसता."

मी कपाळावर हात मारून घेतला. "धन्य आहे तुमची! तापानं फणफणलेली पोर, आणि म्हणे आळस!"

संध्याकाळी अमृताचा फोन आला. "आई, शरू बरी आहे ना? मला खरं सांगा." मी म्हटलं, "बरी आहे गं, छान आहे, तू काळजी करू नकोस." फोन ठेवला आणि माझं मलाच कसंतरी झालं. अंथरुणावर पडलेल्या बाईला काय सांगणार? पण ऐकू आलं ते शरूचंच उत्तर होतं, माझ्या तोंडून.

रात्रीच्या जेवणाला यांनी आपलं नेहमीचं दळण लावलं. स्टँडवरच्या म्हाताऱ्यांचं. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकलीय की झोपेतही सांगीन.

"अगं, खिडकीशी यायची न् विचारायची, 'गाडी हाय का रं?' मी म्हणायचो, 'आहे.' बसायची मग बाकड्यावर. तासाभरानं परत, 'गाडी गेली का काय?' अगं बाई, कुठली गाडी? आटपाडीची, का कराडची, का खानापूरची? नीट विचारलं तर नीट सांगीन ना! अडाण्यासारखं विचारायचं आणि मग आमच्यावर बोंब मारायची, की हा कंट्रोलर नीट बोलत नाही."

माझा घास हातातच राहिला.

"अहो, मग तुम्ही पोरीला काय विचारता?"

"काय?"

"शाळा कशी होती! म्हणजे 'गाडी हाय का रं'च की! कुठली शाळा? मराठीची, का गणिताची, का मधल्या सुट्टीची? ती बिचारी सांगते, आहे. आणि बसते बाकड्यावर."

यांनी नुसता भात कालवला, परत कालवला. "तुला काय कळतंय त्यातलं," म्हणाले आणि पान तसंच ठेवून उठले.

"उद्यापासून चौकशीची खिडकी बंद," मी मागून सांगितलं. "रिक्षा यायच्या वेळेला तुम्ही फाटकात दिसायचं नाही. गिरणीत जा दळण घेऊन."

"रोज दळण?"

"रोज. थोडं थोडं."

औषधानं ताप उतरला आणि पोरगी पुन्हा शाळेत जायला लागली. पहिल्या दिवशी मी फाटकात गेलेच नाही. ओट्यावर थांबले. "आलीस? ये. वाटच बघत होते तुझी," एवढंच म्हटलं आणि दप्तर हातातून घेतलं. शरू मोरीकडं पळाली. परत आली आणि इकडं तिकडं बघू लागली.

"आजोबा कुठंयत?"

"गिरणीत."

"आज्जी, तू विचारणार नाहीस?"

"काय?"

"शाळा कशी होती."

"छे गं. मला भूक लागलीय. थालीपीठ टाकतेय, तू खाणार का?"

तिनं संशयानं माझ्याकडं पाहिलं. खाल्लं. दोन पेले पाणी गटागट प्यायली. माझ्या जिभेवर प्रश्न कसे वळवळत होते, ते माझं मला माहीत. एक दात दुखत असला आणि जीभ सारखी तिथंच जावी, तसं झालं होतं. पण मी तव्याकडं बघत राहिले. त्या दिवशी काही म्हणजे काही कळलं नाही. बाटली भरलेलीच होती. फक्त एक झालं, एरवी ती आल्या आल्या माडीवर जाऊन बसायची, ती आज स्वयंपाकघरात माझ्याजवळ रेंगाळली. पण तेवढ्यावर काय जंतू मरणार होते?

दुसऱ्या दिवशी मी शेंगांचं पोतं काढलं. फोडायला. समोरासमोर नाही, दोघी भिंतीला टेकून एका रांगेत बसलो, मध्ये सूप. डोळ्यात डोळे घालून बसलं की ही पोर खुर्चीतल्यासारखी आकसते, हे मी बघितलं होतं. हात कामात असले की तोंड मोकळं होतं, बायकांचं तर होतंच.

आधी माझंच सांगितलं.

"आज काय झालं माहीत आहे का शरू, मंडईत त्या टोमॅटोवाल्याशी माझं कडाक्याचं भांडण झालं."

"का?"

"वरचे वरचे चांगले दाखवले आणि पिशवीत खालचे सडके भरले मेल्यानं! मी म्हटलं, काय रे, आंधळी समजलास काय मला? तर म्हणतो, मावशी, पावसामुळं असं झालंय. म्हटलं, पाऊस फक्त माझ्याच पिशवीत पडला का?"

शरू खुदकन हसली. "मग?"

"मग काय, पिशवी तिथंच ओतून आले. पण घरी आल्यावर वाईट वाटलं हं. जरा जास्तच बोलले."

शरूनं मूठभर शेंगा पुढ्यात ओढल्या.

"आमच्या वर्गात प्रणव आहे ना," ती आपणहोऊन म्हणाली, "त्यानं आज बाईंच्या खुर्चीवर खडू ठेवला. बाईंच्या साडीला पांढरं लागलं."

"अगं बाई! मग सगळ्यात जास्त कोण हसलं?"

"प्रणवच. मग बाईंनी त्यालाच फळा पुसायला लावला."

अशी गाडी सुरू झाली. कोण हसलं, कोण रडलं, कुणाच्या डब्यात काय होतं. मी 'कसं वाटलं' विचारलं नाही, 'काय शिकलीस' विचारलं नाही. नुसतं 'मग?' म्हणत राहिले.

"मधल्या सुट्टीत कुठं असतेस तू?" मी शेंग फोडता फोडता विचारलं.

"वर्गात."

"आणि बाकीच्या मुली?"

"बाहेर जातात. जोडीजोडीनं."

"तू का नाही जात?"

झालं! 'का' तोंडातून गेला आणि सगळं मुसळ केरात. शरूचा चेहरा बंद झाला. "असंच," म्हणाली आणि सूप माझ्याकडं सरकवून उठली. मी स्वतःलाच शिव्या घातल्या. 'का' म्हटलं की समोरच्याला वाटतं, आपण काहीतरी चुकलोय. नवऱ्याला अक्कल शिकवायला निघाले होते!

तेवढ्यात हे दळण घेऊन आले. फाटकातूनच आवाज. "काय शरूबाई, आज शाळा..." मी नुसतं बघितलं. वाक्य त्यांनी तिथंच गिळलं. "आज... शेंगा बऱ्या आहेत," म्हणाले.

त्या संध्याकाळी पोरगी पुन्हा म्हणाली, पोटात जरा दुखतंय. मला लगेच सांगलीचं हॉस्पिटल, संग्रामला फोन, अमृता अंथरुणातून उठून बसलेली, सगळं दिसायला लागलं. हे म्हणाले, "उद्या मी शाळेत जातो आणि हेडमास्तरलाच धरतो." शरूनं ते ऐकलं. पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं.

"तुम्ही शाळेचं नाव जरी काढलंत ना," मी यांना स्वयंपाकघरात नेऊन म्हटलं, "तर मीच माहेरी जाईन."

"तुझ्या माहेरी आहे कोण आता?"

"कुलूप उघडून राहीन एकटी!"

तिसऱ्या दिवशी थालीपीठ झालं, पाणी झालं, आणि मी म्हटलं, "शरू, शाळा-शाळा खेळायचं का? तू बाई. मी मुलगी."

पोरीचे डोळे चमकले. पंच्याची घडी तिनं ओढणीसारखी खांद्यावर टाकली, पट्टी हातात घेतली. मी पाटावर बसले. गुडघे कुरकुरले, पण करता काय? माझ्या शेजारी दोन उशा ठेवल्या तिनं, त्या वर्गातल्या मुली.

"नाव काय तुझं?" बाईंनी विचारलं.

"शालन, बाई. मी नवीन आलेय."

"शालन, मांडी घाल. बोट तोंडावर."

मी बोट तोंडावर ठेवलं. बाईंनी पाढे घेतले. माझा सातचा पाढा चुकला म्हणून पट्टी उगारली. मग मी हात वर केला.

"बाई, लघवीला जाऊ?"

"जा. जोडीनं जा. तुझी जोडी कोण?"

"मला माहीत नाही बाई. मी नवीन आहे."

"जोडीशिवाय जायचं नाही. दाराला कडी नाही ना. एकीनं आत जायचं, एकीनं बाहेरून दार धरायचं. कुणाला तरी विचार."

मी शेजारच्या उशीकडं वळले. "काय गं, माझी जोडी होतेस का?"

शरूनं आवाज बदलला. उशीचा आवाज बारीक, नाकातून काढला. "नाही बाबा. तुझे आजोबा येतील."

प्रश्न अगदी ओठांवर आला. पण मी 'का' म्हटलं नाही. दुसऱ्या उशीला विचारलं. ती म्हणाली, "मला माझी जोडी आहे."

"बाई," मी म्हटलं, "माझी जोडी कुणीच होत नाही. मी काय करू?"

बाईंनी थोडा विचार केला. "पाणी पिऊ नकोस," म्हणाल्या.

बाहेर कुणाची तरी मोटारसायकल गेली. शरूनं पट्टी खाली ठेवली आणि पंच्यासकट येऊन माझ्या मांडीवर बसली. मी तिच्या केसांतून हात फिरवत राहिले. तोंड उघडलं नाही. खरं सांगते, इतका वेळ गप्प बसायचे कष्ट मी आयुष्यात कधी घेतले नव्हते.

"समीक्षा माझी जोडी होती," ती माझ्या पदराशी बोलल्यासारखी म्हणाली.

"हं."

"मी तिचं दार धरायची, ती माझं. आणि आम्ही डबा बदलायचो. तिचा ठेचा मला, माझा लाडू तिला. तुझा लाडू तिला फार आवडायचा, आज्जी."

"हं."

"मी आजोबांना सांगितलं फाटकात. समीक्षानं माझा सगळा लाडू खाल्ला म्हणून."

मला तो दिवस आठवला. जूनअखेरचा. पोरगी उड्या मारत आली होती, "आजोबा, आजोबा, समीक्षानं माझा सगळा लाडू खाल्ला!" यांनी मध्येच विचारलं होतं, "म्हणजे तू उपाशी?" आणि दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळेला कपडे करून हे बाहेर गेले होते. मला म्हणाले होते, "जरा पाय मोकळे करून येतो."

"मग आजोबा गेटवर आले," शरू म्हणाली. "समीक्षाला म्हणाले, नाव काय तुझं, पूर्ण सांग. वडील काय करतात? दुसऱ्याच्या डब्यातलं खातेस? सगळ्यांसमोर. ती रडली. रिक्षात बसेपर्यंत रडत होती."

बिनतिकिटाचा पॅसेंजर पकडल्यासारखं! मला अगदी दिसलं. मागं बांधलेले हात, पुढं आलेलं पोट.

"पण मी दिला होता लाडू. ती घेत नव्हती तरी मी दिला होता."

"हे तू आजोबांना सांगितलं नाहीस?"

"त्यांनी विचारलंच नाही. ते विचारतात शाळा कशी होती. शाळा छानच आहे, आज्जी. बाई चांगल्या आहेत."

'छान' म्हणताना पोरगी एक शब्द खोटं बोलली नव्हती.

माझं डोकं तापलं होतं. उठावं, चप्पल घालावी, शाळेत जावं, कडीसाठी हेडमास्तरांची खरडपट्टी काढावी, त्या समीक्षाच्या आईला भेटावं, आणि गिरणीत जाऊन यांना तिथंच पिठात बसवावं, असं सगळं एकदमच वाटत होतं. पण मग माझ्यात आणि यांच्यात फरक काय राहिला असता?

"शरू," मी विचारलं, "आता मी काही करू, का नुसतं ऐकू?"

तिनं मान वर करून पाहिलं. असं तिला कुणी विचारलं नसावं. "नुसतं ऐक," म्हणाली.

म्हणून ऐकलं. आणखी बरंच काही निघालं. ती सकाळी चहासुद्धा अर्धा का टाकून देते, तेही कळलं. मग ती उठली, उशा जागेवर ठेवल्या, हात धुतले. पंच्याला पुसता पुसता म्हणाली, "आज्जी, आता कर."

"काय करू?"

"लाडू. समीक्षाला. पण आजोबांनी वळायचे."

"यांनी? का गं?" निसटलाच शेवटी 'का'. पण या वेळी पोरगी मिटली नाही.

"ती घाबरते त्यांना. लाडू वाकडेतिकडे झाले की हसेल."

"बरं. आणि कडीचं मी बाईंना सांगू? तुझं नाव न घेता?"

"तूच सांग. आजोबांनी नाही."

"आणि आजोबांना हे सगळं सांगू का?"

तिनं आधी पंचा नीट घडी करून ठेवला. "सांग. पण त्यांनी गेटवर यायचं नाही."

हे दळण घेऊन आले तेव्हा शरू माडीवर होती. मी डबा खाली ठेवू दिला नाही, पाणी विचारलं नाही, उभ्या उभ्या सगळं सांगितलं. लाडू, गेट, जोडी, कडी. शेवटी 'पाणी पिऊ नकोस' सांगितलं.

"मी तिच्यासाठीच..." हे म्हणाले.

"हो हो. तुमचं सगळं तिच्यासाठीच. पोरीनं कौतुकानं गोष्ट सांगितली, तुम्हाला तक्रार ऐकू आली. खिडकीत आयुष्य गेलं ना, तिथं कौतुक सांगायला येतंच कोण?"

मला वाटलं, आता भडकतील. मी भांडायला तयारच होते, पदरसुद्धा खोचला होता. पण हे तिथंच दाराच्या उंबऱ्यावर बसले. मिशांना पीठ, खांद्याला पीठ. डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरलेला.

"ती पोरगी रडली होती खरी," डब्याकडं बघत म्हणाले. "मला वाटलं, वठणीवर आली."

मी खोचलेला पदर सोडला. "उठा," म्हटलं. "हात धुवा. दाण्याचं कूट करायचंय."

आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, यांनी चहाचा कप कधी उचलून ठेवला नव्हता. त्या दिवशी परातीत हात घालून बसले. गूळ चिकटला म्हणून कुरकुरले. एक लाडू लिंबाएवढा, एक पेरूएवढा, एक तर चपटा वड्यासारखा. शरू जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून बघत होती. हसली नाही. पण उठून गेलीही नाही.

सकाळी डब्यात वाकडे लाडू गेले. दुपारी मी शाळेत गेले, एकटीच. शरूच्या वर्गाच्या जगदाळेबाईंना बाजूला घेऊन म्हटलं, "मुलींच्या बाथरूमच्या दाराला कडी नाही, लहान मुली त्यापायी दिवसभर तशाच बसतात, आजारी पडतात." बाई म्हणाल्या, "वर कळवलंय हो, कधीचं." मी जीभ चावून धरली. "तोवर जोड्या तुम्हीच लावून द्याल का? कुणी एकटी राहू नये म्हणून." बाई थबकल्या. "हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं," म्हणाल्या. कडी बसायला दिवाळी उजाडली, ते सांगून माझं डोकं परत कशाला तापवू?

मग रिक्षाची वेळ झाली. हे गिरणीत गेले नाहीत, फाटकातही गेले नाहीत. स्वयंपाकघरात पाण्याचा तांब्या भरून उभे. "मी काय म्हणू ती आल्यावर?" त्यांनी मला तिसऱ्यांदा विचारलं.

"काही नाही. आलीस, ये, म्हणा. एवढं येतं ना?"

रिक्षा थांबली. फाटक वाजलं. नलूताईंनी ओट्यावरून विचारलं, "शरू, शाळा कशी झाली गं?" "छान!" शरू ओरडली आणि चालत आत आली. चालत. मोरीकडं पळाली नाही.

"आलीस? ये," हे म्हणाले. आवाज इतका बारीक की मलाच ओळखू येईना.

शरूनं गळ्यातली बाटली काढून त्यांच्या हातात दिली. यांनी ती हलवली. आवाज नाही. झाकण उघडून उलटी केली. थेंब पडला नाही. यांनी माझ्याकडं पाहिलं, तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. किती प्रश्न आले असतील त्या घशाशी, देव जाणे!

"बाटली... धुऊन ठेवतो," म्हणाले आणि नळ सोडून पाठमोरे उभे राहिले. स्वच्छ बाटली धुतायत, धुतायत, धुतायत.

शरू गेली आणि त्यांच्या शर्टाचं टोक ओढलं.

"आजोबा, विचारा की."

"काय विचारू बाळ?"

"विचारा, आज दार कुणी धरलं."

जन्मभर विचारण्यात गेलेला हा माणूस, त्याला ते चार शब्द जमेनात. खांदे नुसते हलत होते. शरू वाट बघत उभी.

"दार..." शेवटी कसंबसं म्हणाले, "दार कुणी धरलं गं आज?"

"समीक्षानं! मग तिला आली, मग मी तिचं धरलं. आणि आजोबा, ती म्हणाली, तुमचे लाडू दगडासारखे आहेत, पण तिनं दोन खाल्ले. उद्या पण आण म्हणाली."

"गूळ जास्त झाला होता," हे बाहीनं डोळे पुसत म्हणाले.

"ते राहू द्या," मी म्हटलं. "आधी नळ बंद करा. कधीचं पाणी वाया चाललंय."